गाय विणार एप्रिलमध्ये, पुठ्ठा बघायचा दिवाळीत

गाभण गाईचं दूध आटवलं की कोल्हापूर भागातल्या बऱ्याच गोठ्यांत पेंडीचं माप वाढतं. विणार आहे, अंगावर चढली पाहिजे, व्याल्यावर दूध त्यातूनच निघणार, असा हिशेब असतो. अंगावरच्या मासाचा आणि दुधाचा संबंध आहे, त्यामुळं हिशेब खोटा नाही. चुकते ती वेळ. उसाला भरणीची मात्रा तोडीच्या महिन्यात कुणी टाकत नाही, आणि आटलेल्या गाईला अंगावर चढवायला जाणं बरंचसं तसंच आहे. गाईच्या अंगावर काय असावं हे विण्याआधी पाच महिने बघायचं असतं, कारण तेव्हा सापडलेली उणीव भरून काढता येते.

त्यामागचं कारण गाईच्या शरीरातच आहे. दूध देणारी गाय गरजेपेक्षा जास्त मिळालेलं खाद्य अंगावर चांगल्या प्रकारे साठवते. आटल्यावर तीच गाय त्या कामात मंद होते. जास्तीच्या ऊर्जेतला साधारण पंचाहत्तर टक्के भाग दुभती गाय अंगावर घेते, तर भाकड गाय साठ टक्क्यांच्या आसपास. शिवाय वासराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या दोन महिन्यांतच होते. म्हणजे आटवल्यानंतर टाकलेली पेंड आधी वासराकडं जाते. उरलेली अंगावर जाते तेव्हा त्यातली बरीचशी चरबी पोटातल्या अवयवांभोवती साठते. ती बाहेरून दिसत नाही आणि व्याल्यावर त्रास मात्र देते.

म्हणून आटवायच्या आधी तीन-साडेतीन महिने, गाय दूध देत असतानाच, तिच्या अंगावर किती आहे ते मोजायचं. या मोजणीला पशुवैद्यक बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात. डॉक्टर मंडळी नुसतं बीसीएस म्हणतात. आपण गुण म्हणू. दुभत्या गाईंसाठी १ ते ५ असे गुण असतात आणि ते पावा-पाव गुणानं मोजतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे हाड हाताला लागणारच नाही इतकी चरबी. यात वजन मोजत नाहीत. मोठ्या हाडापेराची गाय पाचशे किलोची असूनही खंगलेली असू शकते आणि लहान चणीची साडेतीनशे किलोची गाय भरलेली असू शकते. गुण फक्त चामडीखालच्या चरबीचे आणि मासाचे.

पोटावर मात्र जायचं नाही. गोठ्यात हमखास ऐकू येतं, "पोट बघा की, कसं भरलंय!" त्या पोटात वासरू आहे, गर्भजल आहे आणि उसाच्या वाड्यानं भरलेला कोठा आहे. गळीत हंगामात वीस-पंचवीस किलो वाडं खाऊन गाईचं पोट डेऱ्यासारखं दिसतं आणि मागून बघितलं तर कमरेची हाडं वर आलेली असतात. अंगावरच्या केसांची चकाकी फसवते, मान आणि वशिंडही फसवतं. बघायचं ते मागच्या भागाकडं, म्हणजे पुठ्ठ्याकडं. तिथं पोट आडवं येत नाही.

बघण्याची सोपी रीत १९९४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी मांडली. होल्स्टिन गाईंवर ती बसवलेली आहे, त्यामुळं आपल्या एचएफ संकरित गाईंना ती बऱ्यापैकी लागू पडते. गाय सपाट जागेवर, चारी पायांवर सारखं वजन देऊन उभी हवी. तीन हाडं ओळखता आली की पुढचं जमतं. कमरेचं टोकदार हाड, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंना वर आलेलं ते ठळक हाड, ही पहिली खूण. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अगदी मागं येणारं बैठकीचं हाड ही दुसरी. आणि या दोघांच्या मधे, थोडा खाली, मांडीचा सांधा असतो तो खुबा, ही तिसरी.

आता बाजूला उभं राहून कमरेच्या हाडापासून खुब्यापर्यंत आणि खुब्यापासून बैठकीच्या हाडापर्यंत नजरेनंच रेघ ओढा. ही रेघ इंग्रजी व्ही अक्षरासारखी टोकदार खाली गेली तर गाय ३ किंवा त्याच्या खाली. यू अक्षरासारखी गोल वळली तर ३.२५ किंवा त्याच्या वर. पहिला आणि सगळ्यात मोठा निर्णय एवढाच, आणि तो नवख्या माणसालाही चार-पाच गाई बघितल्यावर येतो.

व्ही दिसला तर हाडांकडं जायचं. कमरेचं हाड गोलसर दिसतंय, म्हणजे त्यावर चरबीचा लेप आहे, तर ३. ते हाड कोन धरून टोकदार दिसतंय पण बैठकीच्या हाडावर अजून गुबगुबीतपणा आहे, तर २.७५. बैठकीचं हाडही टोकदार दिसतंय, पण बोटांनी चिमटीत धरल्यावर पातळ गादी हाताला लागते, तर २.५. ती गादीही लागली नाही तर गाय त्याच्या खाली गेली. मग कमरेवरच्या आडव्या आखूड हाडांच्या रेघा कुठपर्यंत दिसतात ते बघायचं. टोकापासून कण्याकडं अर्ध्या अंतरापर्यंत दिसल्या तर २.२५, पाऊण अंतरापर्यंत गेल्या तर २. आपल्याकडं व्याल्यानंतर दोन महिन्यांनी या अवस्थेतल्या गाई पुष्कळ दिसतात. "दूध देत्या म्हणून वाळली" असं म्हणून लोक ते सोडून देतात.

यू दिसला तर शेपटीजवळ दोन दोऱ्या शोधायच्या. एक दोरी कमरेच्या हाडाच्या बाजूनं कण्याकडं जाते, दुसरी शेपटीच्या बुडाकडून बैठकीच्या हाडाकडं. दोन्ही चामडीखाली स्पष्ट दिसतात तर ३.२५. कण्याकडची दिसते आणि शेपटीकडची जेमतेम दिसते तर ३.५. शेपटीकडची बुजली आणि कण्याकडची जेमतेम उरली तर ३.७५. दोन्ही बुजल्या तर ४. त्याच्या वर खुब्याजवळचा खळगाच सपाट होतो. तिथं बारकाईनं गुण देत बसण्यात काही अर्थ नाही, गाय जास्त भरली एवढं पुरे.

हे गुण डोळ्यांनी द्यायचे असल्यामुळं दोन माणसांचे पाव गुणानं वेगळे निघतात. त्याची फार काळजी करू नये. एकाच माणसानं, दरवेळी दूध काढल्यानंतर, मागून आणि उजव्या बाजूनं बघितलं की फरक बरोबर कळतो. महिन्याच्या त्याच तारखेला मोबाईलवर मागून एक आणि बाजूनं एक असे दोन फोटो काढून ठेवणं मला कुठल्याही तक्त्यापेक्षा उपयोगाचं वाटतं. रोज बघणाऱ्या डोळ्याला गाय उतरलेली कळत नाही. फोटो शेजारी-शेजारी ठेवले की कळते.

विण्याच्या वेळी गुण किती हवा? पूर्वी ३.५ किंवा त्याच्याही वर सांगत. आता बहुतेक जण ३ ते ३.२५ सांगतात, फार तर ३.५. आटवतानाही तेवढाच हवा आणि मधले दोन महिने तो तिथंच टिकवायचा. भाकड काळात गुण चढवायचा नाही आणि उतरवायचा तर मुळीच नाही.

आता एक गाय धरून चालू. कागल तालुक्यातला गोठा, दुसऱ्या वेताची एचएफ संकरित गाय, वजन साधारण सव्वाचारशे किलो. कृत्रिम रेतन १० जुलैला झालं आणि डॉक्टरांनी गाभण असल्याची तपासणी केली. गाईचा गाभणकाळ २८० दिवसांचा धरला तर विण्याची तारीख १६ एप्रिल येते. साठ दिवस भाकड ठेवायची तर १५ फेब्रुवारीला आटवायची. शेवटचे एकवीस दिवस २६ मार्चपासून सुरू होतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर या तीन तारखांना गोल करायचे आणि चौथा गोल १० नोव्हेंबरला. तेव्हा गाय चार महिन्यांची गाभण असते, दूध नऊ लिटरवर आलेलं असतं आणि आटवायला सत्त्याण्णव दिवस हातात असतात.

१० नोव्हेंबरला गाय बघितली. रेघ व्ही, कमरेचं हाड टोकदार, बैठकीच्या हाडावर गादी. म्हणजे २.७५. आपल्याला हवेत ३.२५, अर्धा गुण कमी. या चणीच्या गाईला एक पूर्ण गुण म्हणजे ढोबळमानानं पन्नास किलो वजन, त्यामुळं अर्धा गुण म्हणजे पंचवीस किलो. एक किलो अंगावर चढवायला जेवढी जास्तीची ऊर्जा लागते ती साधारण साडेतीन किलो चांगल्या गोळी पेंडीतून मिळते. पंचवीस किलोला ती सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी किलो होते, म्हणजे पन्नास किलोची पावणेदोन पोती. सत्त्याण्णव दिवसांत वाटली तर रोज एक किलोला थोडी कमी. हातात माप असल्यामुळं आपण रोज एक किलो धरू.

हाच अर्धा गुण फेब्रुवारीत, आटवल्यावर सापडला असता तर? साठ दिवसांत पंचवीस किलो चढवायला रोज जवळजवळ दीड किलो पेंड लागली असती. त्यावर वासराचा वाटा वेगळा, आणि भाकड गाय अंगावर कमी घेते ते आणखी वेगळं. पोटात वासरू वाढल्यामुळं कोठ्याला जागा कमी, त्यामुळं गाय तेवढं खाईल याचीही खात्री नाही. पैसे जास्त जातात आणि गुण पुरे येत नाहीत.

वाढीव किलो एकदम टाकायचा नाही. दर तीन दिवसांनी पाव किलो वाढवत दहा-बारा दिवसांत पूर्ण करायचा आणि दोन्ही वेळच्या पेंडीत विभागायचा. या गाईला आधी साडेपाच किलो पेंड होती, दीड किलो अंगाची आणि नऊ लिटरसाठी साधारण चार किलो. ती साडेसहा झाली. दूध जसजसं उतरेल तसतशी पेंड कमी करायची सवय असते. इथं मात्र ती तशीच ठेवायची. जानेवारीत दूध सहा लिटरवर आलं तरी माप साडेसहा किलोचंच राहिलं, तर उतरलेल्या दुधाचा वाटा आपोआप अंगाकडं वळतो.

१० डिसेंबरला गाय पुन्हा बघितली आणि गुण तिथंच, २.७५. इथं बहुतेक जण पेंड बंद करतात. तसं करू नये, दोन गोष्टी बघाव्यात. पहिली ही की पहिल्या महिन्यात वाढीव पेंडीतला काही भाग दुधात जातो. डेअरीच्या वहीत दूध उतरायचं थांबलेलं किंवा अर्धा लिटर वाढलेलं दिसेल. ते नुकसान नाही, त्याचे पैसे मिळतात. आणि पाव गुणाचा फरक डोळ्याला दिसायला चार-सहा आठवडे लागतातच.

दुसरी गोष्ट जास्त कोल्हापुरी आहे. नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की शेतातून वाडं फुकट किंवा स्वस्त येतं आणि गव्हाणीत दुसरी वैरण दिसेनाशी होते. वाड्यात पोट भरायला पुरेसं असतं, प्रथिनं मात्र फार कमी. कोठ्यातल्या जंतूंना प्रथिनं मिळाली नाहीत की ते वैरण नीट पचवत नाहीत. वैरण कोठ्यात जास्त वेळ पडून राहते आणि गाय कमी खाते. वरून एक किलो पेंड वाढवली तरी खालून तेवढंच कमी होतं. शिवाय वाड्यात ऑक्झलेट असतं, ते वैरणीतलं कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून आपल्या गाईचं वाडं पंचवीस किलोवरून दहा-बारावर आणलं. उरलेल्या जागी हत्ती गवताची कुट्टी आणि दोन-तीन किलो शाळूचा कडबा दिला. वाढीव किलोतला अर्धा किलो गोळी पेंडीऐवजी सरकी पेंडीचा केला. खनिज मिश्रण रोज पन्नास ग्रॅम चालू होतंच. शेण घट्ट आणि कोरडं पडत होतं ते आठवड्याभरात मऊ झालं. वैरण पचायला लागली याची ही खूण पुठ्ठ्याच्या आधी दिसते.

१० जानेवारीला कमरेचं हाड गोलसर दिसायला लागलं, रेघ मात्र अजून व्ही. म्हणजे ३. १० फेब्रुवारीला रेघ वळली, दोन्ही दोऱ्या स्पष्ट. ३.२५. पाच दिवसांनी आटवायची तारीख. आटवायच्या आठवड्यात पेंड उतरवत दीड-दोन किलोवर आणली, कारण दूध थांबवायचं आहे.

इथून २५ मार्चपर्यंतचे साडेपाच आठवडे कंटाळवाणे असायला हवेत. पेंड दीड ते दोन किलो, कडबा किंवा पिंजर भरपूर, थोडी हिरवी वैरण, पाणी. गुण ३.२५ वर टिकतो का एवढंच बघायचं. लांब कोरड्या वैरणीनं कोठा मोठा राहतो, ते व्याल्यावर उपयोगी पडतं. भातपट्ट्यात, राधानगरी-शाहूवाडीकडं, पिंजर भरपूर असतं आणि या काळात ते चालतंही, पण नुसतं पिंजर दिलं तर गाय उतरते. पिंजरासोबत पेंड दोन किलोच्या खाली नेऊ नये.

२६ मार्चपासून दुसरा बदल, आणि याचा उद्देश पहिल्यापेक्षा वेगळा. आता अंगावर काही चढवायचं नाही. व्याल्यावर गाईला एकदम सात-आठ किलो पेंड मिळणार आहे आणि ती पचवणारे जंतू, कोठ्याच्या आतल्या भिंतीवरचे शोषून घेणारे अंकुर, यांना तयार व्हायला किमान दोन-तीन आठवडे लागतात. तयारी नसताना पेंड पडली की कोठ्यात आम्ल वाढतं, गाय पेंड सोडते, शेण पातळ होतं. म्हणून दर तीन-चार दिवसांनी पाव किलो वाढवत दोन किलोवरून तीन-सव्वातीन किलोपर्यंत न्यायचं आणि पेंड तीच वापरायची जी व्याल्यावर देणार आहात. एप्रिलच्या उन्हात गाय दुपारी खात नाही. पेंडीचा मोठा भाग पहाटे आणि रात्री द्यावा.

या एकवीस दिवसांत कॅल्शियमची बाटली पाजायची पद्धत आहे, तीही बंद करावी. विण्याच्या दिवशी चिकामधून एकदम भरपूर कॅल्शियम बाहेर जातं आणि गाईला ते हाडांतून काढावं लागतं. आधी आयतं मिळत राहिलं तर हाडांतून काढायची यंत्रणा सुस्त पडते आणि नेमक्या वेळी गाय दुधी तापानं बसते. भरपूर खत दिलेलं कोवळं हत्ती गवत आणि लसूणघास यात पोटॅशियम जास्त असतं, तेही शेवटच्या तीन आठवड्यांत आवरतं घ्यावं. मक्याचा मुरघास आणि कडबा त्यापेक्षा बरे. कॅल्शियम द्यायचं ते व्याल्यावर. आधीच्या वेतात गाय बसली असेल तर या तीन आठवड्यांचं खनिज मिश्रण कोणतं हे डॉक्टरांनाच विचारा.

आता उलटी गाय. १० नोव्हेंबरला बघितली आणि ३.७५ निघाली. अशी गाय बहुधा उलटत राहिलेली असते. चार-पाच रेतनं वाया गेली, व्याल्याला वर्ष होऊन गेलं, दूध पाच लिटरवर आलं आणि पेंड मात्र दहा लिटरची चालू राहिली. तिचं अंग उतरवायचं असेल तर याच शंभर दिवसांत, दूध चालू असताना. पेंड दुधाच्या मापावर आणायची, सरकी आणि मका भरडा बंद करायचा, वैरण पोटभर ठेवायची. पाव गुण उतरला तरी चांगलं झालं म्हणायचं. अर्धा उतरवायच्या मागं लागू नये.

हीच गाय १५ फेब्रुवारीला ३.७५ किंवा ४ वर सापडली तर उपाशी मारण्याचा मोह होतो. तो टाळाच. गाभणपणाच्या शेवटी ऊर्जा कमी पडली की गाय अंगावरची चरबी रक्तात सोडते. ती यकृतात जाऊन साठते, यकृताला ती पुरती जाळता येत नाही. भरलेली गाय विण्याच्या आसपास मुळातच कमी खाते. त्यात आपण वैरण तोडली की दोन्ही एकत्र येतात. व्याल्यावर वार अडकणं, किटोसिस म्हणजे चरबी अर्धवट जळून होणारा आजार, गाय बसणं, हे सगळं अशा गाईत जास्त दिसतं. तिला गुण टिकेल एवढंच द्यायचं, कोरडी वैरण पुढं कायम ठेवायची. शेवटच्या एकवीस दिवसांतली पेंड अडीच किलोवर थांबवायची आणि डॉक्टरांना विण्याआधीच सांगून ठेवायचं की गाय भरलेली आहे.

किटोसिसची सुरुवात ओळखायला महागडं काही लागत नाही. गाय आधी पेंड सोडते, कडबा मात्र चघळते. दुधाला, श्वासाला गोडसर वास येतो, सगळ्यांच्या नाकाला तो येत नाही. आणि डेअरीची चिठ्ठी. व्याल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाईच्या दुधाची फॅट एकदम चढली आणि एसएनएफ पडली, तर घरात आनंद होतो, कारण दर फॅटवर आहे. पण ती जास्तीची फॅट वैरणीतून आलेली नसते, गाय स्वतःच्या अंगावरची चरबी दुधात ओतत असते. त्याच आठवड्यात गाईचा पुठ्ठा बघितला तर रेघ यूची व्ही होताना दिसेल. चिठ्ठी आणि पुठ्ठा दोन्ही एकच सांगत असतील तर गाय पेंड सोडायची वाट न बघता डॉक्टरांना बोलवावं.

आटवताना गाय हडकुळी, २.५ च्या खाली सापडली तर हातात थोडंच असतं. दूध कमीच असेल तर दहा-पंधरा दिवस आधी आटवावं. वैरण चांगली करावी, पेंड तीन किलोपर्यंत न्यावी आणि पाव गुण मिळाला तर समाधान मानावं. एप्रिलमध्ये तिच्याकडून पहिल्या वेताच्या दीडपट दुधाची अपेक्षा ठेवू नये. व्याल्यावर ती लवकर माजावर येणार नाही, हेही धरून चालावं.

म्हशीला हे सगळं जसंच्या तसं लावता येत नाही. गाभणकाळ तीनशे दहा दिवसांच्या आसपास, त्यामुळं तारखा महिन्याभरानं सरकतात. चामडी जाड आणि पुठ्ठा मुळातच टोकदार असल्यामुळं व्ही आणि यू डोळ्याला फसवतात. पंढरपुरी म्हशीची कमरेची हाडं तर भरलेली असतानाही वर दिसतात. तिथं हातच चालवावा लागतो, बैठकीच्या हाडावर आणि शेपटीच्या बुडाशी. खिल्लार गाईलाही होल्स्टिनचा तक्ता लावू नये. पहिल्यांदा विणाऱ्या कालवडीला मात्र लावता येतो, फक्त तिचं स्वतःचं अंग अजून वाढत असतं, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत तिला मोठ्या गाईपेक्षा थोडी जास्त पेंड लागते.

आपली गाय १६ एप्रिलला किंवा दोन-चार दिवस इकडं-तिकडं व्याली की पुन्हा दोन फोटो काढावेत आणि तिसावा दिवस कॅलेंडरवर टाकावा. ३.२५ वर व्यालेली गाय महिन्या-दीड महिन्यात २.७५ पर्यंत उतरणं साहजिक आहे. दूध वर जात असतं आणि तोंड मागं राहतं. त्याच्याही खाली, २.५ वर गेली तर पुढचं रेतन घाईनं करू नये, आधी उतरणं थांबवावं. पंचेचाळिसाव्या दिवशी पुन्हा बघावं. गुण तिथंच थांबला असेल तर पुढच्या माजाला रेतन करायला हरकत नाही.